जुना माग देऊन नवा माग: विल्हेवाट खात्याच्या प्रकल्प नोंदी (सोलापूर, २०२४-२५)

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना, भागीदारी संस्था. आठ रेपियर मागांपैकी ४ क्रमांकाचा माग पुरवठादाराला परत देऊन त्याच जागी नवा घ्यायचा, फरकाची रक्कम बँकेतून द्यायची, असं ठरलं. त्याचा हिशेब कसा बसवला त्याच्या या नोंदी. रकमा कर सोडून आहेत. जिथे कर धरला आहे तिथे तसं लिहिलं आहे.

१८ जून २०२४

इचलकरंजीच्या पुरवठादाराचं कोटेशन आलं. नवा माग १८,००,०००, जुन्याचे ४,५०,०००, म्हणजे द्यायचे १३,५०,०००. वर १८ टक्के जीएसटी.

कोटेशन पाहताच हिशेब विभागातून पहिला प्रश्न आला, "म्हणजे नवा माग साडेतेरा लाखांना ना?" नाही. बँकेतून गेलेली रक्कम ही नव्या यंत्राची किंमत नव्हे. किमतीचा एक भाग पैशांनी फिटतो, दुसरा जुन्या यंत्राने. नवा माग १३,५०,००० ला चढवला आणि तिथेच हात झटकले, तर जुना माग पुस्तकात जागचा हलत नाही. यंत्र नोंदवहीत नऊ माग, शेडमध्ये आठ. दोन-तीन वर्षांनी कुणीतरी मोजायला येतो तेव्हा हे उघडं पडतं, आणि तोवर न वापरलेल्या यंत्रावर घसारा चालूच असतो.

म्हणून मध्ये एक खातं लागतं. विल्हेवाट खातं म्हणजे जुन्या यंत्रापुरतं उघडलेलं तात्पुरतं खातं. यंत्राची मूळ किंमत नावे, आजवरचा घसारा जमा, यंत्राच्या बदल्यात मिळालेलं मोल जमा, आणि उरेल तो नफा किंवा तोटा. काम झालं की खातं शून्यावर येऊन बंद.

सगळी गोम "मिळालेलं मोल" या दोन शब्दांत आहे.

२० जून

पुरवठादाराला एकच प्रश्न विचारला: जुना माग दिलाच नाही, सगळे पैसे बँकेतून दिले, तर नवा माग कितीला? उत्तर आलं १६,७०,०००.

म्हणजे १८,००,००० ही छापील किंमत आहे. तिच्यात १,३०,००० जुन्या मागाच्या भावात दाखवायला फुगवलेले आहेत. जुन्याचं खरं मोल १६,७०,००० वजा १३,५०,०००, म्हणजे ३,२०,०००. पडताळ्यासाठी सोलापुरातल्या दोन जुन्या यंत्रांच्या दलालांना माग दाखवला. एकाने ३,०५,००० सांगितले, दुसऱ्याने ३,३०,०००. आकडा बसला.

लेखामानक १० चं म्हणणंही हेच आहे. यंत्राच्या बदल्यात यंत्र आलं तर नव्याची किंमत रास्त मूल्याने धरायची, कोटेशनच्या मथळ्याने नाही. ४,५०,००० धरले तर जुन्यावरचा तोटा १,३०,००० ने कमी दिसतो आणि तेवढीच हवा नव्या मागाच्या किमतीत भरली जाते. पुढची दहा वर्षं ती घसाऱ्यातून हळूहळू बाहेर पडते. या वर्षीचा नफा बरा दिसतो, पण या वर्षीचा तोटा दहा वर्षांवर पसरून ठेवलेला असतो.

पुरवठादार भाव का फुगवतो, तेही सरळ आहे. "तुमच्या जुन्या मागाचे साडेचार लाख देतो" हे वाक्य ऐकायला गोड लागतं. पैसे तेवढेच जातात.

२४ जून

यंत्र नोंदवही हातात घेऊन प्रत्यक्ष मागापाशी उभं राहून तपासणी केली. कार्यालयात बसून हे काम होत नाही, ते का, हे इथे कळलं.

नोंदवहीत ४ क्रमांकाचा माग १२,००,००० ला आहे, १ नोव्हेंबर २०१८ पासून वापरात. पण मागावर बसवलेली, विणीचा नमुना ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डॉबी त्या ओळीत नाही. ती १,८०,००० ला घेतली, १ ऑगस्ट २०२१ पासून वापरात, आणि नोंदवहीच्या पार खालच्या पानावर "डॉबी" एवढंच लिहून वेगळी चढवली आहे. कोणत्या मागावर, याचा उल्लेख नाही. माग जाताना डॉबी त्याच्याबरोबर जाणार आहे, तेव्हा तीही विल्हेवाट खात्यात यायला हवी. सुटली असती तर १,२६,००० ची पुस्तकी किंमत अशा वस्तूची उरली असती, जी इचलकरंजीला दुसऱ्याच्या शेडमध्ये पडून आहे.

याच्या उलटही पाहिलं. मागाजवळचा व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि सूत गुंडाळायचे चार रिकामे बीम कारखान्यातच राहणार आहेत. स्टॅबिलायझर नोंदवहीत वेगळा आहे, तो तसाच. बीम मागाच्या १२,००,००० मध्ये आहेत का, याची शंका होती. २०१८ चं बिल काढलं, त्यात बीम नाहीत. ते सुट्या भागांच्या खर्चात गेले होते. प्रश्न मिटला.

पुरवठादाराला लेखी कळवलं: माग, डॉबी, मोटर आणि कंट्रोल पॅनल जाणार, स्टॅबिलायझर आणि बीम जाणार नाहीत. ही यादी आधी दिली नाही तर माग उचलताना वाद होतो आणि ठरलेल्या भावातून ऐनवेळी दहा-पंधरा हजार कापले जातात.

२ जुलै

आज दोन कामं.

पहिलं, बँक. मुदत कर्जापोटी कारखान्याची सगळी यंत्रं तारण आहेत, आणि त्यात हा मागही आहे. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तो शेडबाहेर काढता येणार नाही. अर्ज दिला. सोबत नव्या मागाचं कोटेशन जोडलं, कारण तारणात जुन्याच्या जागी नवा येणार आहे. विमा कंपनीलाही यंत्र बदलत असल्याचं कळवलं.

दुसरं, बिलं कोणत्या आकड्याने फाडायची. पुरवठादार म्हणाला, "साहेब, आमचं बिल नेहमी पूर्ण किमतीचंच निघतं." त्याला दोन्ही मांडण्या कागदावर करून दाखवल्या.

फुगवलेल्या आकड्यांनी: नवा माग करासह २१,२४,०००, जुना करासह ५,३१,०००, फरक १५,९३,०००.

खऱ्या आकड्यांनी: नवा १९,७०,६००, जुना ३,७७,६००, फरक १५,९३,०००.

त्याच्या हातात पडणारे पैसे तेच. कारखान्याचा करही तोच: पहिल्या मांडणीत खरेदीवरच्या कराचं ३,२४,००० चं क्रेडिट आणि ८१,००० चा भरणा, दुसरीत ३,००,६०० आणि ५७,६००. निव्वळ दोन्हीकडे २,४३,०००. तेव्हा खऱ्या आकड्यांची बिलं देण्यात त्याचं काहीच जात नाही. तो तयार झाला.

बिल एका आकड्याचं आणि पुस्तक दुसऱ्या आकड्याचं, असं झालं असतं तर दर वर्षी जुळवणीचं एक पान जास्तीचं लिहावं लागलं असतं. भाव ठरतानाच हा मुद्दा काढला तर तो सुटतो. बिल हातात पडल्यावर सुटत नाही.

जीएसटीबाबत एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगितली. फक्त १३,५०,००० चं एकच बिल करून "जुना माग वळता" असं लिहिणं चालणार नाही. कायद्यात अदलाबदल हाही पुरवठाच आहे, आणि मोबदला पूर्णपणे पैशांत नसेल तर बाजारातलं खुलं मूल्य धरावं लागतं. सीजीएसटी नियम २७ मधलं उदाहरण जुन्या फोनचं आहे: जुना फोन देऊन नवा २०,००० ला मिळाला, आणि जुना न देता तोच २४,००० ला मिळत असेल, तर मूल्य २४,०००. फोनच्या जागी माग ठेवला की आपली बाब. म्हणून दोन बिलं: त्याचं आपल्याला, आपलं त्याला.

३,००,००० आगाऊ रक्कम आज आरटीजीएसने पाठवली. ती पुरवठादाराच्या खात्याला नावे टाकली. खतावणीत ही रक्कम आधी "नवा माग" खात्यावर पडली होती, ती लगेच दुरुस्त केली. ती तशीच राहिली असती तर बिल चढवताना तेवढी रक्कम दुबार धरली गेली असती.

पैसे रोखीने का देत नाही, असं मालकांनी विचारलं. बोलताना आपण "रोख फरक" म्हणतो, पण नोटांनी द्यायचा नाही. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० पेक्षा जास्त रोखीने दिले तर आयकर कायद्याच्या कलम ४३(१) प्रमाणे तो खर्च यंत्राच्या किमतीत धरलाच जात नाही. त्यावर घसारा कायमचा गेला.

३१ जुलै

माग दुपारी थांबवला. बँकेचं पत्र २६ तारखेला आलं होतं. संध्याकाळी हायड्रा क्रेनने माग ट्रकवर चढवला. शेडचं दार रुंद आहे, पण डॉबी वर असल्याने उंचीला अडकलं, म्हणून डॉबी उतरवून वेगळी पाठवली. हिशेबाला याने फरक पडत नाही. ई-वे बिलावरच्या वर्णनात मात्र दोन्ही लिहिले, नाहीतर वाटेत तपासणीत सुटी डॉबी बिलाबाहेरचा माल ठरते. महाराष्ट्रांतर्गत १,००,००० पेक्षा जास्त मूल्याच्या मालाला ई-वे बिल लागतं, आणि हा माल त्याच्या बराच वर आहे.

आजच्या तारखेपर्यंतचा घसारा आधी, विल्हेवाट नंतर. हा क्रम चुकला की सगळंच चुकतं. मार्चअखेरच्या ताळेबंदातला घसारा उचलून विल्हेवाट खात्यात टाकला, तर एप्रिल ते जुलै माग चालला त्याचा घसारा तोट्यात मिसळतो. निव्वळ नफ्याला फरक पडत नाही हे खरं. पण चार महिन्यांच्या टॉवेलच्या उत्पादन खर्चात मागाचा खर्चच दिसत नाही, आणि जुन्या मागावरचा तोटा उगाच मोठा दिसतो.

इथे सरळ रेषा पद्धत आहे, १० वर्षं, अवशेष मूल्य शून्य. मागाचा दरमहा १०,०००. मार्च २०२४ पर्यंत ६५ महिने, ६,५०,०००. एप्रिल ते जुलै ४०,०००. एकूण ६,९०,०००. डॉबीचा दरमहा १,५००. मार्चपर्यंत ३२ महिने, ४८,०००. चार महिन्यांचे ६,०००. एकूण ५४,०००.

पुस्तकी किंमत: माग ५,१०,०००, डॉबी १,२६,०००, मिळून ६,३६,०००. मिळणार ३,२०,०००. तोटा मोठा असणार हे इथेच दिसतं.

एवढा तोटा का, हे मालकांनी विचारलं आणि प्रश्न रास्त आहे. दहा वर्षांचं आयुष्य धरलं होतं, माग पावणेसहा वर्षांत बदलला. ठरवलेल्या आयुष्याआधी यंत्र काढलं की घसारा मागे पडलेला असतो, आणि ती उणीव एकदम विल्हेवाट खात्यात उमटते. हा तोटा पुरवठादाराने दिलेल्या भावापेक्षा आपणच धरलेल्या वर्षांमुळे जास्त आहे. बाकीच्या सात मागांचं आयुष्य मार्चमध्ये पुन्हा तपासायचं, अशी खूण केली.

जुन्या मागाचं आपलं बिल आजच्याच तारखेचं: ३,२०,०००, सीजीएसटी २८,८००, एसजीएसटी २८,८००, एकूण ३,७७,६००. भांडवली वस्तू विकताना सीजीएसटी कायद्याच्या कलम १८(६) प्रमाणे दोन रकमांपैकी मोठी भरायची असते: खरेदीवेळी घेतलेलं क्रेडिट दर तिमाहीला ५ टक्के कमी करून उरलेलं, किंवा विक्रीमूल्यावरचा कर. २०१८ च्या बिलाला वीस तिमाह्या होऊन गेल्या, तेव्हा मागापुरती पहिली रक्कम शून्य. डॉबीचं बिल जुलै २०२१ च्या अखेरचं, क्रेडिट ३२,४००. तेरा तिमाह्या, अर्धवट धरून, ६५ टक्के गेले, उरले ११,३४०. डॉबीच्या वाट्याला मोल ६५,००० धरलं तर त्यावरचा कर ११,७००, तो मोठा आहे. म्हणून विक्रीमूल्यावरचाच कर भरला. डॉबी याहून नवी असती तर इथे जास्तीचा कर निघाला असता.

५ ऑगस्ट

नव्या मागाचं बिल आलं: १६,७०,०००, सीजीएसटी १,५०,३००, एसजीएसटी १,५०,३००, एकूण १९,७०,६००. उरलेले १२,९३,००० आज पाठवले. पैसे पोचल्याशिवाय तो माल सोडत नाही, हे इचलकरंजीच्या बाजारात सगळ्यांनाच माहीत.

पुरवठादाराच्या खात्यात आता: जमा १९,७०,६००. नावे जुन्या मागाचे ३,७७,६००, आगाऊ ३,००,०००, आजचे १२,९३,०००. बेरीज १९,७०,६००. खातं शून्य. दोन्ही बिलं एकाच पक्षाच्या खात्यात नेण्याचा फायदा हाच की अदलाबदलीचा पूर्ण व्यवहार एका पानावर दिसतो. इथे काही शिल्लक उरली असती तर कुठली तरी नोंद चुकली, हे वेगळं शोधावं लागलं नसतं.

एक गोष्ट आधी लक्षात यायला हवी होती. आपलं बिल जुलैचं, त्याचं ऑगस्टचं. म्हणजे ५७,६०० चा कर जुलैच्या विवरणात, २० ऑगस्टपर्यंत भरायचा, आणि ३,००,६०० चं क्रेडिट ऑगस्टच्या विवरणात. कारखान्याकडे सुताच्या खरेदीचं क्रेडिट शिल्लक होतं म्हणून रोख भरावे लागले नाहीत. ते नसतं तर महिनाभर ५७,६०० अडकले असते. माग ३१ ऐवजी १ तारखेला हलवला असता तर दोन्ही बिलं एकाच महिन्यात बसली असती.

१० ऑगस्ट

टॅलीतल्या नोंदी तपासल्या. दोन चुका सापडल्या.

जुन्या मागाचं बिल `Sales` व्हाउचरमध्ये केलं आणि जमा बाजूला नेहमीचं टॉवेल विक्रीचं खातं निवडलं गेलं. ही चूक फसवी आहे, कारण कर बरोबर निघतो, जीएसटी विवरण बरोबर जातं, पुरवठादाराचं खातंही जुळतं. मग कळणार कसं? विल्हेवाट खात्याची जमा बाजू ३,२०,००० ने रिकामी राहते आणि तोटा जवळजवळ दुप्पट दिसतो. दुसरीकडे जुलैची विक्री तेवढीच वाढते. व्हाउचर `Sales` च ठेवलं, खातं बदलून `Asset Disposal A/c` केलं. त्यासाठी त्या खात्यात जीएसटी लागू असल्याची खूण करावी लागते, नाहीतर व्हाउचरमध्ये कर उमटत नाही.

यामुळे एक फरक कायम राहणार आहे: `GSTR-1` या विक्रीच्या विवरणातली वर्षाची विक्री नफा-तोटा खात्यातल्या विक्रीपेक्षा ३,२०,००० ने जास्त असेल. तो बरोबरच आहे. जुळवणीच्या फाइलमध्ये आजच एक ओळ लिहून ठेवली, म्हणजे मार्चमध्ये कुणी हा फरक "सापडला" म्हणून दुरुस्त करत बसणार नाही.

दुसरी चूक हायड्राच्या बिलाची. एकच बिल, ३०,०००, आणि ते सगळं दुरुस्ती खर्चात गेलं. हायड्राने दोन कामं केली: जुना काढला, नवा बसवला. जुना काढण्याचा खर्च विल्हेवाट खात्याला नावे, नवा जागेवर ठेवण्याचा खर्च नव्या मागाच्या किमतीत. हायड्रावाल्याच्या लॉगशीटवरून तास पाहिले. जुन्याला दोन, नव्याला तीन. त्या हिशेबाने १२,००० आणि १८,०००. अंदाजाने निम्मे-निम्मे केले असते तरी आभाळ कोसळलं नसतं, पण लॉगशीट हातात असताना अंदाज कशाला.

पाया दुरुस्ती आणि उभारणीचे ४२,००० नव्या मागात. एकूण किंमत १६,७०,००० अधिक १८,००० अधिक ४२,०००, म्हणजे १७,३०,०००.

१२ ऑगस्ट

माग चालू झाला. पहिले दोन बीम चाचणीत गेले, पाइलची उंची जुळेपर्यंत. आजपासून विकण्याजोगा टॉवेल निघतो आहे, तेव्हा खर्च यंत्राच्या किमतीत टाकणं इथे थांबलं. यानंतर पुरवठादाराचा फिटर पुन्हा आला तर त्याचा खर्च दुरुस्तीत.

पंधरा तारखेआधी चालू झालेल्या यंत्राला त्या महिन्याचा पूर्ण घसारा, ही इथली जुनी पद्धत. ऑगस्ट ते मार्च आठ महिने, दरमहा १४,४१७ च्या आसपास, या वर्षाचे १,१५,३३३.

२० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा, मार्कंडेय रथोत्सव, कारखाना बंद. आज विल्हेवाट खातं बंद केलं.

| नावे | रुपये | जमा | रुपये |
|---|---|---|---|
| माग क्र. ४, मूळ किंमत | १२,००,००० | संचित घसारा, माग | ६,९०,००० |
| डॉबी, मूळ किंमत | १,८०,००० | संचित घसारा, डॉबी | ५४,००० |
| हायड्रा, जुना काढण्याचा भाग | १२,००० | पुरवठादार, बदली मोल | ३,२०,००० |
| | | नफा-तोटा खाते, तोटा | ३,२८,००० |
| एकूण | १३,९२,००० | एकूण | १३,९२,००० |

या खात्यात कर कुठेच नाही, हे मुद्दाम पाहावं. ३,७७,६०० जमेला टाकण्याची चूक अनेकदा होते, कारण पुरवठादाराच्या खात्यात तोच आकडा असतो. पण ५७,६०० सरकारचे आहेत, मागाचं मोल ३,२०,००० च.

फुगवलेलं कोटेशन जसंच्या तसं धरलं असतं, डॉबी विसरली असती आणि हायड्रा दुरुस्तीत राहिला असता, तर तोटा फक्त ६०,००० दिसला असता. खरा ३,२८,०००. तिन्ही चुका एकाच दिशेला ओढतात, तोटा लपवण्याच्या. म्हणून विल्हेवाट खात्यात तोटा किरकोळ निघाला की समाधान मानण्यापेक्षा जमा बाजूचं मोल आणि नावे बाजूची यादी पुन्हा पाहिलेली बरी.

शेवटचा ताळा: यंत्र नोंदवहीतून माग क्र. ४ आणि डॉबी यांच्या ओळी लाल शाईने खोडून तारीख आणि बिल क्रमांक लिहिला. नव्या मागाची ओळ चढवली, आणि या वेळी डॉबी मागाच्याच ओळीत. नोंदवहीची बेरीज आणि खतावणीतली यंत्र खात्याची शिल्लक जुळली. शेडमध्ये आठ माग, नोंदवहीत आठ.

३१ मार्च २०२५

आयकराचा हिशेब वेगळ्या वाटेने जातो. तिथे एकेका मागाचा नफा-तोटा निघत नाही, १५ टक्के घसाऱ्याची सगळी यंत्रं एका गटात असतात. गटाची सुरुवातीची शिल्लक ४०,००,०००. त्यात नवा माग १७,३०,०००, त्यातून जुन्याचे ३,२०,००० वजा. उरले ५४,१०,०००. नवा माग १८० दिवसांपेक्षा जास्त वापरात होता, म्हणून पूर्ण दराने घसारा ८,११,५००. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर चालू झाला असता तर त्याच्या भागावर निम्माच मिळाला असता.

पुस्तकातला ३,२८,००० चा तोटा आयकरासाठी खर्च नाही. गणनेत तो नफ्यात परत मिळवला, पुस्तकी घसाऱ्यासोबत. हायड्राचे १२,००० त्या तोट्याच्या आत आहेत, तेही परत मिळवले गेले.

फुगवलेल्या बिलांनी गटाची शिल्लक बदलली नसती, कारण १,३०,००० इकडे वाढले आणि तिकडे वजा झाले असते. पण उत्पादकांना नव्या यंत्रावर मिळणारा २० टक्के अतिरिक्त घसारा फक्त नव्याच्या किमतीवर निघतो, आणि तिथे २६,००० चा जादा घसारा घेतला गेला असता. तपासणीत "हाच माग रोखीत कितीला मिळत होता" हा एक प्रश्न आला की तो टिकत नाही. २० जूनचं १६,७०,००० चं उत्तर पुरवठादाराकडून ईमेलवर घेतलं होतं, त्याची छापील प्रत दोन्ही बिलांच्या मागे लावून ठेवली आहे.

बाकीच्या सात मागांचं आयुष्य दहावरून आठ वर्षांवर आणलं. उरलेली पुस्तकी किंमत उरलेल्या वर्षांवर विभागली, मागची वर्षं उकरली नाहीत.